मालसच्या नियमाचा आलेख सरळ येत नसेल तर काय तपासावे

विदर्भातल्या तालुक्यांच्या आणि मोठ्या गावांच्या महाविद्यालयांतील प्रकाशशास्त्राची उपकरणे दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. हिवाळा सरत आला आणि प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की ठिकठिकाणाहून एकच तक्रार येते. दोन पोलरॉइड आहेत, दिवा आहे, फोटोसेल आहे, मीटरही चालू आहे, पण दुसऱ्या पोलरॉइडमधून येणारी तीव्रता कोसाइनच्या वर्गाप्रमाणे बदलत नाही, म्हणजे तीव्रता आणि cos²θ यांचा आलेख सरळ रेषेत येत नाही. बहुतेक वेळा उपकरण पूर्णपणे धडधाकट असते आणि दोष मांडणीत किंवा नोंद घेण्याच्या पद्धतीत असतो. त्यामुळे नवे पोलरॉइड मागवण्याआधी पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात. आधीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

लक्षणे

मालसचा नियम असा आहे की पहिल्या पोलरॉइडमधून निघालेल्या ध्रुवित प्रकाशाची तीव्रता I₀ असेल आणि दोन्ही पोलरॉइडांच्या अक्षांत θ कोन असेल, तर दुसऱ्यामधून I = I₀ cos²θ इतकी तीव्रता बाहेर येते. दुसरा पोलरॉइड प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राचा फक्त आपल्या अक्षाच्या दिशेचा घटक, म्हणजे cosθ पटीचा भाग, जाऊ देतो, आणि तीव्रता क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे कोसाइनचा वर्ग होतो. म्हणून ३० अंशाला पाऊण, ४५ ला अर्धी, ६० ला पाव आणि ९० ला शून्य तीव्रता मिळायला हवी. I₀ म्हणजे पहिल्या पोलरॉइडनंतरची तीव्रता, दिव्याची नव्हे, हेही इथेच लक्षात घ्यावे. साधा प्रकाश पहिल्याच पोलरॉइडमध्ये निम्म्याहून कमी होतो आणि त्या घटीचा या नियमाशी संबंध नसतो.

बिघाड असला की पुढीलपैकी एक किंवा अनेक गोष्टी दिसतात.

- ९० अंशाला मीटर शून्याजवळ येत नाही.
- ६० अंशाला पावाऐवजी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वाचन मिळते.
- ६० आणि १२० अंशांची वाचने सारखी येत नाहीत.
- ० आणि १८० अंशांची वाचने जुळत नाहीत.
- दुसऱ्या पोलरॉइडच्या डायलला हात न लावताही आकडा वरखाली होत राहतो.
- डायल पूर्ण फिरवूनही आकडा फारसा हलत नाही.

यांतले नेमके कोणते लक्षण आहे ते आधी कागदावर लिहून घ्यावे, कारण पुढच्या प्रत्येक तपासणीनंतर यांतले काय गेले आणि काय उरले यावरूनच दोषाची जागा कळते.

पहिली तपासणी: दिवा झाकून मीटर वाचा

दिव्याच्या अगदी तोंडाशी जाड काळा पुठ्ठा धरावा, बाकी काहीही हलवू नये आणि मीटर वाचावा. हा आकडा म्हणजे खोलीतला प्रकाश, आणि तो प्रत्येक वाचनातून वजा केला पाहिजे. अनेक ठिकाणी दोन्ही पोलरॉइड एकमेकांना आडवे करून आलेले ९० अंशाचे वाचनच पार्श्वभूमी म्हणून वजा केले जाते. ते चुकीचे आहे. त्या वाचनात खोलीच्या प्रकाशासोबत पोलरॉइडमधून गळणारा प्रकाश आणि डायलच्या शून्याचा दोषही मिसळलेला असतो, आणि ते वजा केले की खरा दोष झाकला जाऊन आलेख उगीचच बरा दिसतो.

हे वाचन निदान दोन कोनांना घ्यावे, डायल ० वर असताना आणि ९० वर असताना. खोलीचा प्रकाश ध्रुवित नसेल तर दोन्ही आकडे सारखे येतील. पण आपल्याकडच्या प्रयोगशाळांत मोठ्या खिडक्या असतात, बाहेर फेब्रुवारीतच लख्ख ऊन असते आणि टेबलावर गुळगुळीत सनमायका असतो. काचेवरून किंवा सनमायक्यावरून तिरपा परावर्तित होणारा प्रकाश स्वतःच काही अंशी ध्रुवित असतो. एतिएन-लुई मालस यांना १८०८ मध्ये पॅरिसमध्ये नेमके हेच दिसले होते. लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश त्यांनी कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला, तेव्हा स्फटिक फिरवताना दिसणाऱ्या दोन प्रतिमांची तीव्रता बदलत गेली. तसाच परावर्तित प्रकाश दोन पोलरॉइडांच्या मधल्या फटीतून शिरला, तर पार्श्वभूमीचा आकडाही दुसऱ्या पोलरॉइडच्या कोनाबरोबर बदलतो आणि एकच संख्या वजा करून भागत नाही. अशा वेळी आकडेमोड करीत बसू नये. खिडकीला जाड पडदा लावावा, फटीवर काळे कापड टाकावे, टेबलावर काळा कागद अंथरावा आणि पुन्हा दोन्ही कोनांना मोजावे. पत्र्याच्या छपराच्या खोल्यांत छपराच्या फटींतून येणारा उन्हाचा पट्टा तासाभरात टेबलावरून सरकतो, म्हणून पार्श्वभूमीचे वाचन प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन्ही वेळा घ्यावे.

दुसरी तपासणी: दिवा स्थिर आहे का

दुसरा पोलरॉइड एका जागी ठेवून पाच मिनिटे मीटरकडे पाहत राहावे. आकडा हलत असेल तर दोष कोनात नसून दिव्यात आहे.

तंतूचा बल्ब थेट विजेवर असेल तर खेड्यातल्या लाइनवर तो कधीच स्थिर राहत नाही. हरभरा आणि गव्हाच्या ओलिताचे दिवस आणि प्रात्यक्षिकांचे दिवस साधारण एकाच काळात येतात. परिसरातले पंप सुरू झाले की विजेचा दाब उतरतो, आणि तंतूच्या बल्बचा प्रकाश दाबापेक्षा फार वेगाने घटतो. दाब १० टक्क्यांनी कमी झाला तर प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. ० अंशाचे वाचन पंप बंद असताना आणि ६० चे पंप सुरू झाल्यावर घेतले, तर त्या गुणोत्तराला काहीच अर्थ उरत नाही. प्रयोगशाळेतला कूलर त्याच बोर्डावर असेल तर तोही असाच त्रास देतो.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बॅटरीवरचा पांढरा एलईडी. ६ व्होल्टची बॅटरी, २२० ओहमचा रोधक आणि एक एलईडी एवढे पुरे होते, आणि त्यातून सुमारे १३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. पॉवर बँक मात्र वापरू नये, कारण इतका कमी प्रवाह घेतला की पुष्कळशा पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद पडतात. एलईडी लावल्यावर दहा मिनिटे तापू द्यावा आणि मगच नोंदी सुरू कराव्यात.

काही महाविद्यालयांत हेलिअम-निऑन लेसर आहे. सुरू केल्यानंतर पहिली वीस-तीस मिनिटे त्याचे वाचन संथपणे चढते आणि उतरते. नळी तापून लांबते तसे तिच्यातले एकमेकांना लंब असलेले दोन ध्रुवित भाग आळीपाळीने बलवान होतात, आणि पहिला पोलरॉइड त्यांतला एक जास्त निवडत असल्यामुळे ही अदलाबदल तीव्रतेच्या बदलासारखी दिसते. तो बिघाड नव्हे. लेसर अर्धा तास आधी सुरू करून ठेवला की बहुतेक त्रास संपतो. साधा लाल लेसर पॉइंटर तर स्वतःच ध्रुवित प्रकाश देतो, म्हणून त्याच्यासोबत पहिला पोलरॉइड कधीही फिरवू नये. तो फिरवला की I₀ स्वतःच बदलते आणि मालसचा नियम तपासायला काही उरतच नाही.

तिसरी तपासणी: ० आणि १८०

पोलरॉइडच्या अक्षाला टोके असतात, पण पुढची आणि मागची अशी दिशा नसते. म्हणून डायल १८० अंश फिरवली की वाचन हुबेहूब तेच यायला हवे. फरक पडत असेल तर ध्रुवणाचा त्याच्याशी संबंध नाही. पोलरॉइडची काच किंचित पाचरीसारखी आहे, किंवा ती डायलमध्ये तिरपी बसली आहे, आणि फिरताना झोत फोटोसेलवरून सरकतो आहे. फोटोसेल जवळ आणावा. तेवढ्याने भागले नाही तर दुसऱ्या पोलरॉइडनंतर, फोटोसेलच्या तोंडावर, बटर पेपरचा तुकडा लावावा, म्हणजे झोत थोडा सरकला तरी प्रकाश पसरून येतो.

बटर पेपर दोन्ही पोलरॉइडांच्या मध्ये मात्र कधीही लावू नये. तिथे तो ध्रुवण मोडतो. त्याच जागी सेलोटेपचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी किंवा प्लास्टिकचे झाकण राहिले तर तेही ध्रुवण फिरवते किंवा बिघडवते, आणि ९० अंशाला अंधार होत नाही. तुटलेला पोलरॉइड सेलोटेपने चिकटवून वापरलेला मला अनेक प्रयोगशाळांत दिसला आहे. टेप झोताच्या वाटेत येत असेल तर ती काढून पोलरॉइड फक्त कडांनी बसवावा.

चौथी तपासणी: ४५ आणि १३५ ची जोडी

ही तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती फारच कमी ठिकाणी केली जाते.

पोलरॉइडचा खरा अक्ष आणि डायलवरचे शून्य क्वचितच जुळलेले असतात. पोलरॉइडचा गोल तुकडा कापताना किंवा डायलमध्ये चिकटवताना चार-सहा अंशांचा फरक सहज पडतो. विद्यार्थी डायल फिरवून सर्वांत मोठे वाचन शोधतात आणि तिथे शून्य मानतात. पण कमाल बिंदूपाशी cos²θ जवळजवळ सपाट असतो, आणि ५ अंशांनी चुकले तरी वाचन एका टक्क्याहूनही कमी घटते. पंख्याच्या वाऱ्याने हलणाऱ्या पडद्यामुळेही तेवढा फरक पडू शकतो. किमान बिंदूही तसाच सपाट असतो. सर्वांत तीव्र उतार ४५ अंशाला असतो, म्हणून शून्य शोधायचे ते तिथे.

डायल ४५ वर ठेवून एक वाचन घ्यावे, १३५ वर दुसरे घ्यावे आणि दोन्हींतून पार्श्वभूमी वजा करावी. शून्य बरोबर असेल तर दोन्ही वाचने समान येतात. नसेल तर शून्याची चूक δ थेट मिळते:

sin 2δ = (I₄₅ − I₁₃₅) / (I₄₅ + I₁₃₅)

याच जोडीतून आणखी एक गोष्ट कळते. एकमेकांपासून ९० अंशांवरच्या कोणत्याही दोन वाचनांची बेरीज नेहमी कमाल तीव्रतेइतकी असते, कारण cos²θ + sin²θ = 1. शून्य चुकले असले तरी ही बेरीज बदलत नाही. त्यामुळे बेरीज आणि प्रत्यक्ष मोजलेले कमाल वाचन जुळत नसेल, तर दोष कोनाचा नसून प्रकाश मोजणाऱ्या साधनाचा किंवा पोलरॉइडचा आहे.

एका संचाची वाचने इथे देतो. दिवा पांढरा एलईडी होता, फोटोसेल म्हणून लहान सोलर सेल होता आणि मीटर साधा डिजिटल मल्टिमीटर होता. सर्व आकडे मायक्रोअँपिअरमध्ये आहेत. दिवा झाकल्यावर १४ वाचन येत होते, ० ला आणि ९० ला सारखेच.

| डायल | वाचन | पार्श्वभूमी वजा करून |
|---|---|---|
| ० | १९२ | १७८ |
| ४५ | १२३ | १०९ |
| ६० | ७६ | ६२ |
| ९० | १६ | २ |
| १२० | ४४ | ३० |
| १३५ | ८५ | ७१ |
| १८० | १९२ | १७८ |

मूळ तक्रार अशी होती की ६० अंशाला ७६ भागिले १९२ म्हणजे ०.४० येते, ०.२५ येत नाही. पार्श्वभूमी वजा केल्यावर ते ६२ भागिले १७८ म्हणजे ०.३५ झाले. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. शिवाय ६० आणि १२० ची वाचने ६२ आणि ३० आहेत. ती समान असायला हवी होती, म्हणजे शून्य चुकले आहे. आता जोडी पाहू. १०९ आणि ७१ यांची वजाबाकी ३८ आणि बेरीज १८०. त्यांचे गुणोत्तर ०.२११, त्यावरून 2δ सुमारे १२ अंश आणि δ सुमारे ६ अंश. डायलवर ६ असताना दोन्ही अक्ष खरोखर समांतर होते. डायल ६ वर ठेवून वाचन घेतले तेव्हा १९४ आले, पार्श्वभूमी वजा करून १८०. बेरजेइतकेच. म्हणजे सोलर सेल आणि मीटर ठीक आहेत.

आता डायलचा ६० हा खरा कोन ५४ अंश होतो. cos² 54° चे मूल्य ०.३४५ आणि त्याला १८० ने गुणले की ६२. वाचनही ६२ च होते. डायलचा ९० म्हणजे खरे ८४ अंश, अपेक्षित २ आणि आलेले वाचन २. डायलचा १२० म्हणजे ११४ अंश, अपेक्षित ३० आणि आलेले ३०. या संचात पोलरॉइड, सेल आणि मीटर यांपैकी काहीही बदलावे लागले नाही.

पाचवी तपासणी: बेरीज जास्त येते तेव्हा

४५ आणि १३५ ची बेरीज कमाल वाचनापेक्षा स्पष्टपणे जास्त येत असेल तर दोन कारणे संभवतात, आणि ती ९० अंशाच्या वाचनावरून वेगळी ओळखता येतात. इथे ९० अंश म्हणजे δ दुरुस्त केल्यानंतरचे खरे ९० अंश.

खऱ्या ९० ला पार्श्वभूमी वजा करून शून्य येते आणि तरीही बेरीज जास्त होते, तर मोजणारे साधन जास्त प्रकाशात दबते आहे. सोलर सेलला मीटर व्होल्टच्या रेंजवर जोडला असेल तर हेच होते. सेलचा खुला दाब तीव्रतेच्या प्रमाणात नसून तिच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो. प्रकाश पाव झाला तरी दाब जेमतेम ४०–५० मिलिव्होल्ट उतरतो, आणि विद्यार्थ्याला वाटते की पोलरॉइड फिरवून काहीच होत नाही. मीटर प्रवाहाच्या रेंजवर घ्यावा, कारण लघुपरिपथित सेलचा प्रवाह तीव्रतेच्या सरळ प्रमाणात असतो. स्वस्त मल्टिमीटरच्या २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये आत सुमारे १ किलोओहमचा रोध असतो आणि २००० च्या रेंजमध्ये १०० ओहमचा. म्हणून दुसरी रेंज बरी, जरी तिच्यात दशांश दिसत नसले तरी. सेलला बाहेरून १० किलोओहमसारखा मोठा रोधक लावलेला असेल तर तो काढावा. सिलिकॉनच्या एका सेलवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब आला की त्यापुढे त्याचे प्रमाण बिघडते, आणि १० किलोओहमवर ५० मायक्रोअँपिअरलाच तेवढा दाब येतो.

खऱ्या ९० ला वाचन शून्यापेक्षा बरेच वर राहते, आणि दिवा झाकल्यावर मात्र ते नाहीसे होते, तर प्रकाश पोलरॉइडमधून गळतो आहे. तंतूचा बल्ब असताना हे फार वेळा दिसते. एडविन लँड यांनी १९३८ मध्ये तयार केलेली आणि आजही सर्वत्र वापरात असलेली पोलरॉइड फिल्म म्हणजे ताणलेल्या प्लास्टिकच्या लांब रेणूंवर ओळीने बसलेले आयोडीन. हे आयोडीन दृश्य प्रकाश चांगला अडवते, पण सुमारे ८०० नॅनोमीटरच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश दोन्ही दिशांनी जाऊ देते. बल्बची बहुतेक ऊर्जा अवरक्तच असते, आणि सिलिकॉन सेल ९०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो. डोळ्याला अंधार दिसतो पण मीटर बोलत राहतो, ही याची नेमकी खूण आहे. बल्बच्या जागी पांढरा एलईडी लावावा, कारण त्याच्या प्रकाशात अवरक्त भाग जवळजवळ नसतो. एलईडी लावल्यावर ९० चे वाचन पडले तर पोलरॉइड चांगले आहेत आणि दोष बल्ब-सेलच्या जोडीचा होता.

सहावी तपासणी: पोलरॉइड स्वतः

एलईडी लावूनही ९० ला डोळ्यालाच उजेड दिसत असेल तर मग फिल्मकडे वळावे. आधी ती सिनेमाच्या त्रिमिती चष्म्यातून किंवा कॅमेऱ्याच्या गोल फिल्टरमधून काढलेली नाही ना, ते पाहावे. अशा फिल्मच्या एका बाजूला आणखी एक थर असतो, जो प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करतो. तो थर दुसऱ्या पोलरॉइडकडे असेल तर डायल कितीही फिरवली तरी वाचन फारसे बदलत नाही. दोन फिल्मा आडव्या धरून खिडकीकडे पाहावे आणि एक फिल्म उलटी करावी. अंधाराच्या जागी उजेड किंवा रंग आला, तर ती फिल्म याच प्रकारची आहे. टाकून द्यायची गरज नाही. पहिल्या फिल्मचा तो थर दिव्याकडे आणि दुसऱ्या फिल्मचा सेलकडे येईल असे बसवले की ती नेहमीच्या पोलरॉइडप्रमाणे काम करते.

साधी फिल्म असूनही ती कडांकडून फिकट किंवा लालसर झाली असेल, तर उष्णता आणि ओलावा यांनी आयोडीनची रचना मोडली आहे. मे महिन्यात बंद पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलेल्या आणि जूनपासून कूलरच्या ओल्या वाऱ्यात उघड्या पडलेल्या फिल्मा मी अशा झालेल्या पाहिल्या आहेत. नीट असलेल्या दुसऱ्या फिल्मसोबत ती आडवी धरून पाहिली की फिकट झालेला भाग लगेच दिसतो. मधला भाग चांगला असेल तर काळ्या कागदाला भोक पाडून झोत तेवढ्याच भागातून जाऊ द्यावा. सगळीच फिल्म गेली असेल तर ती बदलावी, दुसरा उपाय नाही. काचेमध्ये बसवलेली फिल्म सोलून काढण्याचा प्रयत्न करू नये. ती फाटते आणि काच हाताला लागते.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

सर्व बिंदू काही टक्क्यांच्या आत आले की थांबावे. डायल एका अंशापर्यंतच वाचता येत असेल तर ४५ अंशाला एका अंशाच्या चुकीने वाचन सुमारे ३.५ टक्के बदलते, ६० ला ६ टक्के आणि ८० ला जवळजवळ २० टक्के. म्हणून ८० अंशाचा एक बिंदू रेषेवरून हलला म्हणून साधने बदलू नयेत. त्या कोनाला त्याहून चांगले मोजायचे असेल तर वर्निअर असलेली डायल लागते.

पुढील कामे मात्र प्रयोगशाळेत कोणीही करू नयेत. हेलिअम-निऑन लेसरचा वीजपुरवठ्याचा डबा उघडू नये. आत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो. लेसर पेटत नसेल, किंवा अर्ध्या तासानंतरही वाचन चढउतार करीत असेल, तर उपकरणाच्या तंत्रज्ञालाच बोलवावे. बल्बच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो संच लगेच बंद करावा आणि आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, कारण खेड्यातल्या अनेक इमारतींत अर्थिंगची तार नुसती टोचून ठेवलेली असते. आणि लेसर कोणताही असो, पोलरॉइड बसवताना झोत डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही अशी मांडणी करावी. दोन पोलरॉइड आडवे आहेत म्हणून झोताकडे पाहू नये, कारण डायल फिरली की तो पुन्हा बाहेर येतो.

तंत्रज्ञाला बोलावताना फक्त “आलेख येत नाही” असे कळवू नये. दिवा झाकून ० आणि ९० ला घेतलेली वाचने, ०, ४५, ९०, १३५ आणि १८० ची वाचने, दिव्याचा प्रकार आणि मीटरची रेंज, एवढे एका कागदावर लिहून फोनवर पाठवावे. एवढ्या आकड्यांवरून शून्य किती चुकले आहे, सेल दबतो आहे की फिल्म गळते आहे, हे त्याला निघण्यापूर्वीच कळते आणि तो लागणारा भाग सोबत घेऊन येतो.